मॅडमची शेवटची चिठ्ठी: ‘वाचन वाढवा, एनएमएमएसला बसवा’

प्रश्न: आमच्या पोराच्या वर्गशिक्षिका मॅडमची बदली झाली. शेवटच्या पालकसभेत त्यांनी सातवीच्या सगळ्या पालकांना चिठ्ठी दिली. आमच्या चिठ्ठीत लिवलं हाय, ‘गणित चांगलं, वाचन हळू. आठवीत एनएमएमएसला नक्की बसवा, शाळा विचारून निवडा.’ आम्ही त्याले तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला टाकणार होतो. मॅडम तं चालल्या, आता काय करायचं? (एक पालक, जि. यवतमाळ)

उत्तर: भाऊ, आधी शाळेचं बघा, कारण एनएमएमएस म्हणजे आठवीतल्या परीक्षेवर मिळणारी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती, अन् ती फक्त सरकारी, जिल्हा परिषदेच्या, नगर परिषदेच्या नाहीतर अनुदानित शाळेतल्या पोरांनाच मिळते. तालुक्याची ती शाळा विनाअनुदानित असेल तर फॉर्मच भरता येणार नाही, म्हणून ॲडमिशनआधी हेडमास्तरांना सरळ विचारा, शाळा अनुदानित आहे का. सिलेक्शन झालं तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 म्हणजे चार वर्षांचे 48,000 थेट पोराच्या खात्यात येतात, पण पुढेही अशाच शाळेत राहावं लागते. घरचं उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत पाहिजे, त्याचा तहसीलचा दाखला उन्हाळ्यातच काढून ठेवा.

आता ‘वाचन हळू’ ही ओळ, मला तर हीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुम्ही म्हणाल गणित चांगलं आहे मग निघून जाईल, पण पेपर बघा ना. दोन पेपर, प्रत्येकी 90 प्रश्न आणि 90 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. एक पेपर बुद्धिमत्तेचा, दुसरा शालेय विषयांचा, आणि त्या दुसऱ्यात विज्ञान 35, समाजशास्त्र 35 अन् गणित फक्त 20. म्हणजे 70 प्रश्न वाचूनच सोडवायचे, हळू वाचणारा पोरगा येत असूनही मागे राहतो. मॅडमनी दोन गोष्टी एकाच चिठ्ठीत लिहिल्या त्या उगाच नाही.

घरी तपासायचं असेल तर जुना पेपर घ्या, मोबाईलवर 90 मिनिटं लावा. शेवटचे वीस-पंचवीस प्रश्न कोरे राहिले तर स्पीडचा प्रॉब्लेम. सगळे सोडवले पण चुकले तर वाचलेलं समजत नाही, मग एक परिच्छेद वाचून त्याच्याच शब्दात सांगायला लावा. स्पीडसाठी रोज समाजशास्त्राचं एक पान मोठ्याने, वेळ लावून वाचू द्या. निगेटिव्ह मार्किंग नसते, त्यामुळे परीक्षेत एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही हे त्याला आत्तापासूनच सांगा.

परीक्षा साधारण डिसेंबरात असते, फॉर्म नवीन शाळाच ऑनलाईन भरते. आणि एक काम मात्र आजच करा. शाळेच्या रजिस्टरवरचं अन् आधारवरचं नाव, जन्मतारीख जुळते का बघा. नसेल जुळत तर मॅडम आहेत तोवर त्यांना घेऊन हेडमास्तरांकडे जा, टीसी हातात पडल्यावर शाळेच्या रजिस्टरमधली दुरुस्ती लई अवघड होते अन् नाव न जुळल्याने पैसे अडकतात.