डिजॉक्सिनचा रिपोर्ट नॉर्मल, तरी आजोबा जेवत नाहीत

«आजोबा ८१ वर्षांचे. हार्टसाठी डिजॉक्सिन बरीच वर्षं चालू आहे, लॅसिक्स पण. तीन आठवड्यांपूर्वी अमिओडारोन नवीन सुरू केलं. आठ दिवस झाले मळमळ, जेवण नकोच म्हणतात, आणि ट्यूबलाइट पिवळी दिसते म्हणतात. डिजॉक्सिन लेव्हल १.६ आली, नॉर्मल आहे. ॲसिडिटीच असेल ना?»

आधी एक सांगते, मी डॉक्टर नाही, पण हे वाचून पोटात गोळा आला. आजचं उत्तर एकच: पुढची डिजॉक्सिनची गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा आणि आजच कॅज्युअल्टीत नेऊन ईसीजी, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि क्रिएटिनिन करून घ्या. ओपीडीच्या तारखेची वाट बघू नका. बाकीचं नंतर वाचा.

आमच्या सासूबाई ७९ वर्षांच्या, वजन ४४ किलो. डिजॉक्सिनची ०.२५ची गोळी आठवड्यात पाच दिवस, शनिवार-रविवार सुट्टी, असं वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं. मग ठोके फार अनियमित झाले म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी अमिओडारोन दिलं. दिलं ते ठीक, पण जुन्या फाइलकडे कोणी बघितलंच नाही. अमिओडारोनमुळे डिजॉक्सिन शरीरातून बाहेर पडायचं कमी होतं आणि तीच गोळी, तोच डोस असूनही रक्तातलं प्रमाण हळूहळू दीडपट-दुप्पट होऊ शकतं. म्हणून ते सुरू करताना डिजॉक्सिन साधारण निम्मं करतात. आमच्याकडे तसंच चालू राहिलं. दोन आठवडे काहीच झालं नाही, आणि म्हणूनच नंतर नव्या गोळीचा संशयसुद्धा आला नाही.

मग भूक गेली. भाजीचा वास नको, चहा नको, दिवसभर पडून, आणि संध्याकाळी थोडं असंबद्ध बोलणं. आम्ही म्हटलं वय झालं, उन्हाळा आहे. ॲसिडिटीची गोळी दिली, ती देण्यात पाच दिवस गेले, याचं मला अजून वाईट वाटतं.

पण सगळ्यात महाग पडला तो रिपोर्ट. लेव्हल आली १.७, लॅबच्या कागदावर रेंज ०.८ ते २.०. हॉस्पिटलच्या ओपीडीत कागद दाखवला, तिथे नुसता आकडा बघून 'नॉर्मल आहे, पंधरा दिवसांनी या' म्हणून परत पाठवलं. नाडी नाही बघितली, पोटॅशियम नाही विचारलं. आणि ती बिचारी तीन दिवस उलट्या करत होती!

आता हे नीट समजून घ्या कारण तुमचा १.६ पण तसाच आहे. हृदयाच्या पेशीत सोडियम-पोटॅशियमचा एक पंप असतो, डिजॉक्सिन त्याच्यावर जाऊन बसतं, आणि पोटॅशियम त्याच जागेसाठी त्याच्याशी भांडतं. पोटॅशियम कमी झालं की डिजॉक्सिनला रान मोकळं, मग आकडा 'नॉर्मल' असूनही ते विषासारखं वागू शकतं. लॅसिक्स लघवीवाटे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही काढतं, वर जेवण नाही, उलट्या, म्हणजे पोटॅशियम आणखी खाली आणि किडनीला पाणी कमी, म्हणून डिजॉक्सिन आणखी साठतं. शिवाय हार्ट फेल्युअरसाठी हल्ली बरेच डॉक्टर ०.५ ते ०.९ च्या आसपासच ठेवतात, मग १.७ काय कमी झालं?

शेवटी चक्कर येऊन पडल्या तेव्हा अ‍ॅडमिट केलं. नाडी ४२, पोटॅशियम २.८. क्रिएटिनिन १.३, जे कागदावर फार वाटत नाही, पण ४४ किलोच्या म्हातारीत स्नायूच कमी असतात. वय-वजन धरून डॉक्टरांनी हिशोब केला तर किडनीचं काम मिनिटाला जेमतेम २४ मिली. डिजॉक्सिन बंद, मॉनिटर लावून सलाईनमधून हळूहळू पोटॅशियम. सहाव्या दिवशी स्वतःहून वरणभात मागितला. किडनी मंद असली की हे औषध उतरायला दिवस लागतात, त्यामुळे गोळी बंद केली की लगेच बरं वाटेल असं धरू नका. आणि अमिओडारोन तर बंद केल्यावरही आठवडे-महिने शरीरात राहतं.

दोन गोष्टी अजून. घरच्या घरी पोटॅशियमचं सिरप किंवा भरपूर नारळपाणी देऊ नका, किडनी मंद असेल तर ते उलट वर जातं आणि तेही धोक्याचं. सोबत स्पायरोनोलॅक्टोन असेल तर जास्तच. आणि लेव्हलसाठी रक्त गोळीनंतर किमान सहा-आठ तासांनी द्यायचं, सकाळी गोळी घेऊन लगेच दिलं तर आकडा फसवा येतो. तुमचं रक्त कधी घेतलं होतं ते तिथल्या डॉक्टरांना सांगा.

माझं मत विचाराल तर पिवळं दिसणं आणि मळमळ एकत्र असताना रिपोर्टवर विश्वास ठेवूच नये, पण निर्णय ईसीजी बघणाऱ्याचा. निघताना सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स पिशवीत घ्या आणि अमिओडारोन कुठल्या तारखेला सुरू झालं ते चिठ्ठीवर लिहून न्या. आम्हाला तिथे ती तारीखच आठवत नव्हती.