दक्षिणेतलं दशपोरुत्तम आणि आपलं गुणमेलन

पत्रिकेत 36 पैकी भरपूर गुण जुळले, तरी तमिळ ज्योतिषी नाही का म्हणतात?

बहुधा रज्जू या तिथल्या कसोटीमुळे. आपल्याकडे आठ कूटांचे गुण मिळवून 18च्या वर गेले की सहसा पुढे जातात. तमिळनाडूत दहा पोरुत्तमं, म्हणजे जुळणीच्या कसोट्या, असतात, प्रत्येकाचा निकाल जुळलं किंवा नाही असा. ती सगळी सारख्या वजनाची नाहीत: रज्जू जुळला नाही तर बाकीची नऊ जुळूनही बरेच जण नकार देतात.

रज्जूत 27 नक्षत्रं पाय, कंबर, नाभी, कंठ आणि शिर अशी विभागतात. वधूवरांची नक्षत्रं एकाच भागात आली की दोष. मुलगी रोहिणी (वृषभ), मुलगा शततारका (कुंभ) घ्या. नाडी अंत्य आणि आद्य, म्हणून 8 गुण. राशी चौथ्या-दहाव्या, म्हणून भकूटाचे 7. आपल्याकडे हे चांगलंच. पण दोन्ही नक्षत्रं कंठरज्जूतली, आणि अष्टकूटात रज्जू मोजतच नाहीत.

तरी लगेच नकार देऊ नका. रोहिणी आरोहात येते, म्हणजे पायाकडून शिराकडे चढताना, आणि शततारका अवरोहात, म्हणजे उतरताना. दिशा वेगळी असेल तर काही ज्योतिषी दोष सौम्य धरतात. सॉफ्टवेअरच्या तक्त्यात बऱ्याचदा नुसतं 'रज्जू जुळत नाही' एवढंच येतं, तेव्हा दिशा मुद्दाम विचारा.