मेंदीचं पॅकेज, वाढलेलं डिझाइन आणि चुकलेली शेवटची फेरीबोट

प्रश्न: मी गुहागरला राहते, सहा वर्षं मेंदीच्या ऑर्डरी घेते. दापोलीच्या एका लग्नाची ऑर्डर नवरीच्या वडिलांनी व्हॉट्सॲपवर ठरवली. नवरीचे दोन्ही हात कोपरापर्यंत आणि पाय घोट्यापर्यंत ८,०००, पाहुण्या १० प्रत्येकी २००, जाण्यायेण्याचे १,५००, एकूण ११,५००. ४,००० ॲडव्हान्स आला. तिथे गेल्यावर नवरीने दंडापर्यंत मेंदी आणि नवरा-नवरीचे चेहरे मागितले, पाहुण्या २३ झाल्या. मी वाढीव पैशाचं बोलले, तर आई म्हणाली, "तू काढ गं, हिशेब नंतर करू." काम साडेअकराला संपलं, दाभोळची शेवटची फेरीबोट गेली. त्यांनी राहा म्हटलं, पण घरी लहान मूल, म्हणून खेड-चिपळूण मार्गे भाड्याच्या गाडीने ३,२०० देऊन परतले. आता वडील म्हणतात, पॅकेज म्हणजे पॅकेज, शिवाय रंग फिका आला. ६,००० देऊन थांबलेत. माझे १०,३०० बाकी आहेत. पोलिसांत जाऊ का?

उत्तर: ताई, पोलिसांत जाऊ नका. फसवणुकीच्या गुन्ह्यात समोरच्याचा हेतू सुरुवातीपासूनच खोटा होता हे दाखवावं लागतं. या माणसाने ॲडव्हान्स दिला, नंतरही सहा हजार दिले. ठाण्यात तुम्हाला "दिवाणी बाब आहे" एवढंच ऐकायला मिळेल, आणि ते बरोबरच असेल. इन्स्टाग्रामवर नवरीच्या हाताचा फोटो टाकून "यांनी पैसे बुडवले" असं लिहायचा मोहही आवरा. त्यातून अब्रुनुकसानीची तक्रार तुमच्यावर उलटू शकते.

तुमची १०,३०० ही एक रक्कम नाही, चार वेगळ्या रकमा आहेत आणि चारींचं कायद्यातलं वजन वेगळं आहे. मूळ पॅकेजमधले १,५०० बाकी आहेत. त्यावर वादच नाही, व्हॉट्सॲपवर ठरलेला व्यवहार हा करारच असतो, त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही.

वाढलेल्या १३ पाहुण्यांचे २,६०० जवळजवळ तितकेच भक्कम आहेत. डोक्यामागे २०० हा दर आधीच ठरला होता. त्यांनी १३ हात तुमच्यासमोर ठेवले तेव्हा त्याच दराने काम मागितलं, असा अर्थ भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ९ प्रमाणे निघतो. बोलून ठरवलं नाही तरी वागण्यातून करार होतो. इथे भांडण दराचं होणार नाही, आकड्याचं होईल. म्हणून २३ हा आकडा आजच पक्का करा. त्या रात्रीचे फोटो, वऱ्हाडातल्या कुणी ग्रुपवर टाकलेले फोटो आणि तुमच्या मदतनीस मुलीची आठवण, हे सगळं एका कागदावर उतरवून ठेवा. किती कोन संपले तेही लिहा. वरवर फालतू वाटतं, पण १० पाहुण्यांना पुरणारे कोन किती आणि प्रत्यक्षात किती गेले, हा फरक बोलतो.

तिसरी रक्कम डिझाइनची, ३,०००, आणि तुमच्या प्रकरणाची खरी गंमत इथेच आहे. याचा दर आधी ठरलेला नव्हता. वडिलांचं म्हणणं असं असणार, की नवरीचं पॅकेज आठ हजारांचं, त्यात जे काढलं ते काढलं. याला उत्तर कलम ७० मध्ये आहे. एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केलं, फुकट करायचा त्याचा हेतू नव्हता आणि दुसऱ्याने त्या कामाचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने मोबदला द्यायचा. सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मोंडल अँड सन्स (एआयआर १९६२) या निकालात याच तीन अटी मांडल्या. तिथे ठेकेदाराने रीतसर करार नसताना सरकारसाठी बांधकाम केलं होतं आणि सरकारने ते वापरलं. तुमच्याकडे बांधकामाऐवजी दंडापर्यंतची मेंदी आहे, एवढाच फरक.

तीन अटींतली मधली नेहमी अडचणीची असते. यजमान हमखास म्हणतात, "तिने आवडीने काढून दिलं, मुलीसारखीच ती." पण तुम्ही पैशाचा विषय काढला होतात आणि आई "हिशेब नंतर करू" म्हणाल्या. फुकट समजलेल्या कामाचा कुणी हिशेब करत नाही. हे एक वाक्य तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा आहे, आणि ते कुणी ऐकलं हे महत्त्वाचं. मदतनीस मुलीने ऐकलं असेल तर तिला आत्ताच तारखेसकट लिहून ठेवायला सांगा. सहा महिन्यांनी तिला वाक्य आठवेल, शब्द आठवणार नाहीत.

मात्र कलम ७० खाली मागाल तो आकडा मिळत नाही, वाजवी तो मिळतो. ३,००० वाजवी आहेत हे दाखवायला तुमची मागची बिलं काढा. दुसऱ्या एखाद्या नवरीला कोपरापर्यंतचे आठ आणि चेहऱ्यांसकट दंडापर्यंतचे अकरा हजार लावल्याचा एखादा मेसेज सापडला, तर काम झालं. सापडलं नाही तर या रकमेत अर्ध्यापर्यंत तडजोड होईल असं मनाशी धरून चला.

चौथी रक्कम गाडीची, आणि इथे मी तुमच्या बाजूने फार बोलू शकत नाही. आधी एक चूक दुरुस्त करा. १,५०० मध्ये परतीचा प्रवास होताच, म्हणजे निम्मे, ७५०, तुम्ही आधीच धरलेत. मागायचे असलेच तर फरकाचे २,४५०. उशीर त्यांच्या वाढीव कामाने झाला हे खरं. पण कलम ७३ खाली नुकसानभरपाई मागताना दोन गोष्टी विचारल्या जातात. शेवटच्या बोटीची अडचण त्यांना आधी माहीत होती का, आणि नुकसान टाळायला हाताशी असलेला मार्ग तुम्ही वापरलात का. त्यांनी राहायला सांगितलं होतं. तुमचं लहान मूल घरी होतं हे मला पूर्ण पटतं, समोरच्या वकिलाला पटणार नाही. नोटिशीत ही रक्कम मागा आणि तडजोडीत ती सोडण्यासाठीच ठेवा.

रंगाचा मुद्दा पैसे अडवण्यासाठी पुढे आलाय असं मला वाटतं, तरी तो हलका घेऊ नका. मेंदीचा रंग किती वेळ ठेवली, कधी पाणी लागलं आणि त्वचा कशी आहे यावर ठरतो, आणि खरा रंग काढल्यावर दिवस-दोन दिवसांनी चढतो. हे तुम्ही त्यांना काम संपताना सांगितलं असेल, शक्यतो मेसेजने, तर ठीक. पण तुमच्या जाहिरातीत "गडद रंगाची गॅरंटी" असं लिहिलं असेल तर आजच काढून टाका. ते ग्राहक आहेत आणि सेवेत त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतात. तुम्हाला मात्र तिथे त्यांच्याविरुद्ध जाता येत नाही, कारण तुम्ही सेवा देणाऱ्या आहात.

आता रस्ता. नोटीस वडिलांच्या नावाने पाठवा, कारण ऑर्डर त्यांनी दिली. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पैसे द्यायला पंधरा दिवस द्या. एकूण मागणी ९,५५० ठेवा. १,५०० आणि २,६०० मिळून ४,१०० च्या खाली उतरू नका, ५,६०० पर्यंत आले तर मी घ्या म्हणेन, ७,१०० मिळाले तर पेढे वाटा.

उत्तर आलं नाही तर लगेच दावा लावू नका. दापोली न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज द्या, म्हणजे ते लोकअदालतीत ठेवलं जातं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला विचारला जात नाही. हे आपल्याकडे फार थोड्या बायकांना माहीत आहे. तिथे तडजोड झाली की तिला हुकूमनाम्याचं बळ येतं आणि त्यावर अपील नसतं. अडचण एकच: समोरच्याला तिथे ओढून आणता येत नाही, तो आला नाही तर प्रकरण तिथेच संपतं. मग उरतो दिवाणी दावा, त्याला काम झाल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. सात हजारांसाठी वारंवार दापोली गाठणं परवडेल का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

दाव्यासाठी, ज्या फोनवर ऑर्डर ठरली तो विकू नका, बदलला तर जुना जपून ठेवा. नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. कोर्टात इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ चॅट जागेवर असेल तर ते सोपं जातं.

पुढच्या ऑर्डरीचं पॅकेज कसं लिहायचं ते सांगून संपवते. "सिंपल", "हेवी", "ब्रायडल" हे शब्द भांडणाचे आहेत, कारण हेवी कशाला म्हणायचं हे प्रत्येक घरात वेगळं. मोजता येईल ते लिहा: मनगट, कोपर की दंड, एक बाजू की दोन्ही, चेहरे किती. प्रवासात बोटीची वेळ घाला. असं काहीसं:

"नवरी: दोन्ही हात दोन्ही बाजू कोपरापर्यंत, पाय घोट्यापर्यंत, चेहरे नाहीत, ८,०००. दंडापर्यंत वाढवल्यास अधिक २,०००. प्रत्येक चेहरा ५००. पाहुण्या: एक हात, एक बाजू, २००, दहापुढे त्याच दराने. दाभोळची शेवटची बोट चुकेल इतका उशीर यजमानांच्या वाढीव कामामुळे झाल्यास परतीची गाडी यजमानांनी द्यायची. राहण्याची सोय केली तरी परतायचं की राहायचं हे मी ठरवेन. ॲडव्हान्स ४,०००. सात दिवस आधी रद्द केल्यास पूर्ण परत, नंतर रद्द केल्यास २,००० परत. मान्य असल्यास 'मान्य' लिहा."

"ॲडव्हान्स कोणत्याही परिस्थितीत परत नाही" असं लिहू नका. करारात दंडाची रक्कम लिहिली तरी करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. तारीख अडवली, मेंदी भिजवली, दुसरी ऑर्डर नाकारली, याच्या नोंदी असतील तर २,००० ठेवणं टिकतं.

आणि जागेवर काम वाढलं की कोन हातात घेण्याआधी त्याच चॅटवर एक ओळ टाका: "दंडापर्यंत आणि दोन चेहरे, अधिक ३,०००, काढू ना?" आई स्वयंपाकघरात असली तरी "हो" लिहायला त्यांना दोन सेकंद लागतात.