गाऊसच्या नियमातलं ‘सममितीमुळे’

प्रश्न: गोल, लांब दंडगोल आणि पत्रा या तिन्ही उदाहरणांत पुस्तकं नुसतं ‘सममितीमुळे’ म्हणतात आणि E संकलनाच्या बाहेर काढतात. सममिती नेमकी कशाची? आणि दंडगोल ‘अनंत’ लांबीचाच का लागतो?

सममिती प्रभाराच्या मांडणीची. आपण कल्पनेने काढतो तो गाऊसीय पृष्ठभाग फक्त तिला साजेसा निवडायचा असतो. ‘गोलाकार पृष्ठभाग घेतला, म्हणून E सगळीकडे सारखं’ असं उत्तरपत्रिकेत सर्रास दिसतं, पण ते उलटं आहे. एका बिंदुप्रभाराभोवती घन कल्पा, प्रभार बरोबर मध्यभागी. सहाही बाजूंतून अभिवाह सारखा, q/6ε₀, आणि हे सममितीनेच मिळतं. तरीही एकाच बाजूवर E सारखं नसतं. कोपरा मध्यापासून √3 पट दूर, म्हणून बाजूच्या मध्यावरचं E कोपऱ्यातल्या E च्या तिप्पट. अभिवाहाचा नियम इथेही खराच आहे, फक्त त्यातून E सुटं करता येत नाही.

म्हणजे ‘सममितीमुळे’ या एका शब्दात दोन दावे दडलेले असतात. एक, E ची दिशा ठरलेली आहे. दोन, निवडलेल्या पृष्ठभागावर E चं मूल्य एकच आहे. दोन्ही वेगवेगळे सिद्ध करावे लागतात, आणि दंडगोलाच्या बाबतीत ते फार छान दिसतं.

अनंत लांबीचा, एकसारखा प्रभारित दंडगोल घ्या. बाहेर अक्षापासून r अंतरावर बिंदू P घ्या आणि P मधून अक्षाला लंब रेषा काढा. आता सगळा दंडगोल या रेषेभोवती 180° फिरवा. प्रभाराची मांडणी होती तशीच राहिली, म्हणजे P पाशी E सुद्धा बदलता कामा नये. पण या फिरवण्यात E चा अक्षाला समांतर घटक उलटा होतो आणि दंडगोलाभोवती वळणारा घटकही उलटा होतो. उलटूनही तोच राहणारा घटक शून्यच असणार. उरला फक्त अक्षापासून बाहेर जाणारा घटक. दिशेचा दावा झाला. मूल्यासाठी दंडगोल अक्षाभोवती फिरवा आणि अक्षाच्या दिशेने सरकवा. दोन्ही वेळा मांडणी तीच राहते, म्हणून E फक्त r वर अवलंबून.

आता r त्रिज्येचा, l लांबीचा समाक्ष डबा कल्पा. दोन्ही झाकणांवर E पृष्ठाला समांतर, तिथून अभिवाह शून्य. वक्र पृष्ठावर E लंब आणि एकसारखं, म्हणून E × 2πrl = λl/ε₀. l दोन्हीकडून जातो आणि E = λ/2πε₀r मिळतं. इथे λ म्हणजे एक मीटर लांबीवरचा प्रभार.

‘अनंत’ हा शब्द या सरकवण्यासाठी लागतो. मर्यादित लांबीचा दंडगोल सरकवला की टोकं हलतात, मांडणी बदलते. 180° फिरवण्याची युक्ती मग फक्त बरोबर मध्यावर चालते. तिथे दिशा अजूनही अक्षाला लंबच असते, पण डब्याच्या वक्र पृष्ठावर मूल्य एकसारखं राहत नाही आणि झाकणांतूनही अभिवाह जातो.

याने किती फरक पडतो? 1 मीटर लांबीची बारीक प्रभारित दांडी घ्या, λ = 2 मायक्रोकूलोम प्रति मीटर. मध्यासमोर 10 सेंमी अंतरावर सूत्र 3.6 × 10⁵ N/C देतं, तर थेट संकलनाने सुमारे 3.53 × 10⁵ येतं, फरक दोन टक्के. 50 सेंमीवर सूत्र 7.2 × 10⁴ सांगतं, प्रत्यक्षात सुमारे 5.1 × 10⁴. चूक चाळीस टक्क्यांची! म्हणून ‘अनंत’ हे ‘r च्या मानाने खूप लांब, आणि टोकांपासून दूर’ असं वाचायचं.

गोलाचं काम सोपं आहे. केंद्र आणि P यांना जोडणाऱ्या रेषेभोवती गोल कसाही फिरवला तरी मांडणी तीच, म्हणून E त्या रेषेवरच. केंद्राभोवती कुठल्याही अक्षाने फिरवा, r तोच तर मूल्य तेच. बाहेर E × 4πr² = Q/ε₀. प्रभार केंद्रापासूनच्या अंतराप्रमाणे कमीजास्त असला तरी चालतं. एका बाजूला जास्त साचलेला असेल तर मात्र नाही.

अनंत पत्र्यासाठी फिरवणं आणि सरकवणं यांच्या जोडीला पत्र्याच्या आरपार प्रतिबिंबाची सममिती लागते. तिच्यामुळे दोन्ही बाजूंना E सारखं आणि विरुद्ध दिशेचं. पत्र्याला छेदणाऱ्या डब्याची दोन्ही झाकणं मोजायची: 2EA = σA/ε₀, म्हणजे E = σ/2ε₀. धातूच्या जाड पाटीला हेच सूत्र लावल्यावर उत्तर निम्मं येतं, कारण तिथे σ सहसा एका पृष्ठावरची दिलेली असते. डब्याचं आतलं झाकण धातूत जातं, तिथे E शून्य. अभिवाह एकाच झाकणातून, म्हणून पाटीच्या पृष्ठालगत E = σ/ε₀.