फिल्म-लुकचा प्रीसेट लावला की चेहरा नारिंगी होतो आणि सावल्या निळ्या-हिरव्या. साध्या पोर्ट्रेटमध्ये त्वचा नैसर्गिक कशी ठेवू?

प्रीसेट निवडताना आकाश-समुद्र कसे दिसतात ते बघू नका, हनुवटीखालची सावली बघा. बिघाड आधी तिथेच दिसतो.

परवाच बहिणीचा खिडकीजवळचा फोटो करत होतो. प्रीसेट लावल्यावर गाल तांब्यासारखा झाला आणि जबड्याखाली मुका मार लागल्यासारखी निळसर छटा आली. मी आधी केशरी रंगाचं सॅच्युरेशन -३५ केलं. चेहरा राखेसारखा पडला. चूक मुळात दुसरीकडे होती.

लाइटरूम क्लासिकमध्ये `Calibration` उघडलं, तर `Blue Primary` चा `Hue` -१०० वर. फिल्मी म्हणवणाऱ्या बऱ्याच प्रीसेटचं गुपित हेच असतं. हा स्लायडर फक्त निळ्या वस्तूंना हात लावत नाही. प्रत्येक पिक्सेलमध्ये निळ्याचा थोडा अंश असतो, त्यामुळे त्वचाही ओढली जाते आणि तिच्यातले गुलाबी-पिवळे बारकावे एकाच नारिंगीत मिसळतात. तो -२५ वर आणला आणि चेहरा आपोआप परतला. मग केशरीला -६ पुरेसं झालं.

सावल्यांसाठी `Color Grading` मध्ये `Shadows` चं सॅच्युरेशन ३० होतं, ते ८ केलं आणि `Balance` +४० वर नेला. आता निळसर छटा केसांत आणि पडद्याच्या चुण्यांत राहिली, मानेवर आली नाही. सावळ्या चेहऱ्यासाठी हे जास्तच जपा, कारण त्याचा मोठा भाग गडद टोनमध्ये येतो आणि सावलीचा रंग आधी त्यालाच लागतो.

डोळ्यांना सवय होते, म्हणून आकडेही बघा. कर्सर त्वचेवर नेला की हिस्टोग्रामखाली R, G, B टक्के दिसतात. साध्या दिवसाच्या उजेडात R सर्वांत जास्त, मग G, मग B असायला हवा. माझ्या फोटोत जबड्याखाली ३१, ३६, ३७ होते, म्हणजे लाल मागे पडलेला. दुरुस्तीनंतर ३४, २८, २४ झाले. झाडाखाली किंवा रंगीत दिव्यात मात्र ही कसोटी चालत नाही.

व्हाइट बॅलन्स या सगळ्याच्या आधी लावा. त्यासाठी पांढऱ्या शर्टवर पिकर टेकवू नका. कपडे पांढरे दिसावेत म्हणून वापरलेल्या उजळक रसायनांमुळे शर्ट बाहेरच्या उजेडात किंचित निळा दिसतो आणि पिकर ते निळेपण भरून काढायला चेहरा पिवळा करतो. राखाडी भिंत बरी.

मग फिल्मचा भास कुठून येणार? मला तरी तो रंगापेक्षा टोनमध्ये जास्त वाटतो. कोडॅकने १९९८ मध्ये आणलेली पोर्ट्रा फिल्म आजही पोर्ट्रेटसाठी वापरतात, ती तिच्या मऊ काँट्रास्ट आणि संयत त्वचारंगासाठी. कर्व्हचं काळं टोक किंचित उचला, हायलाइट्स थोडे दाबा, हलका ग्रेन घाला. कर्व्ह खूप उभा केलात तर त्वचेचं सॅच्युरेशनही चढतं, तेव्हा केशरी पुन्हा तपासा.