आधी माईक घ्या, कॅमेरा मागाहून

"गणित शिकवण्याचं चॅनेल सुरू करतोय. बजेट ५० हजार. कोणता कॅमेरा घेऊ? माईक नंतर घेतला तर चालेल ना?"

नाही चालणार. कॅमेरा नंतर घेतलात तर चालेल.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो. २०२० च्या जूनमध्ये शाळा बंद होत्या आणि आम्ही धडे रेकॉर्ड करून पालकांच्या मोबाईलवर पाठवायचं ठरवलं. गावातून वर्गणी जमली होती. मी म्हटलं, सातआठशे रुपयांचा कॉलर माईक घेऊ, फोन तर सगळ्यांकडे आहेच. आमचे मुख्याध्यापक म्हणाले, "लोकांनी पैसे दिलेत, काम दिसायला पाहिजे. पोरांना फळा स्वच्छ दिसला की झालं." चाळीस हजारांचा कॅमेरा आला. अख्खा फळा चौकटीत यावा म्हणून तो शेवटच्या बाकामागे, माझ्यापासून बारा फुटांवर उभा केला आणि मी रिकाम्या वर्गात शिकवायला लागलो.

चित्र सुरेख आलं, खडूचा कणन् कण दिसत होता. सातवीला त्रिकोण रचनेचा गृहपाठ मी तोंडी सांगितला होता: पाया सहा सेंटीमीटर, एक कोन साठ अंश, दुसरा पंचेचाळीस. आठवड्याने वह्या आल्या. चार मुलांनी साठच्या जागी आठ अंशांचा कोन काढलेला. कोनमापकाने अगदी नीट मोजून काढलेला, सुईसारखा निमुळता त्रिकोण. त्यातल्या एकीची आई फोनवर म्हणाली, "सर, दिसतंय समदं चांगलं, पन तुमी काय बोलताय त्येच कळंना." आणखी एक पालक गावात सांगत होते की सरांचं शिकवणं आता पहिल्यासारखं राहिलं नाही. ते मला फार लागलं.

मी तो व्हिडिओ मोबाईलच्या स्पीकरवर पुन्हा पुन्हा ऐकला. वर्गात मुलं बसलेली असतात तेव्हा त्यांची अंगं, कपडे, दप्तरं आवाज शोषून घेतात. रिकाम्या वर्गात नुसती फरशी, सिमेंटच्या भिंती आणि वर पत्रा. शब्द भिंतींवर आपटून परत येतो आणि पुढच्या शब्दावर पडतो. "कोन" म्हटल्यावर त्याचा घुमारा खोलीत फिरत असतानाच "साठ" येतं. त्यातला "स" म्हणजे नुसती फुंकर, ती घुमाऱ्याखाली दबते आणि ऐकणाऱ्याला "आठ" ऐकू येतं. वर पंखा चालू. माझा आवाज लांबून बारीक येतो म्हणून कॅमेरा आपणहून आवाज वाढवत होता, आणि मी थांबलो की पंख्याची घरघर फुगून वर येत होती.

चित्राचं तसं नसतं. डेटा वाचवायला मुलं व्हिडिओ 144p वर बघत होती. फळा धूसर झाला तरी त्रिकोण हा त्रिकोणच दिसतो, आणि बोलणं जवळपास तसंच पोचतं. चित्रातली उणीव डोळा भरून काढतो, हुकलेलं अक्षर मात्र मूल अंदाजाने भरतं आणि चुकतं. त्या पालकांनाही मी आता दोष देत नाही. एरिन न्यूमन आणि नॉर्बर्ट श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. शास्त्रज्ञांची तीच भाषणं, फक्त काहींचा आवाज मुद्दाम खराब केलेला. खराब आवाजात ऐकणाऱ्यांना ते संशोधन कमी महत्त्वाचं आणि बोलणारा कमी हुशार वाटला. आवाज वाईट असला की लोक माईकला नाही, मास्तरला नावं ठेवतात.

मग मी स्वतःच्या पैशाने माईक आणला आणि घरी रेकॉर्ड करायला लागलो. सगळ्यात मोठा फरक अंतराने पडतो. माईक आणि तोंड यांच्यातलं अंतर निम्मं केलं की थेट आवाज सहा डेसिबलने वाढतो, पण खोलीचा घुमारा होता तेवढाच राहतो. बारा फुटांवरून एका वितीवर, म्हणजे नऊ इंचांवर आलात तर अंतर चार वेळा निम्मं होतं आणि तुमचा आवाज घुमाऱ्याच्या मानाने चोवीस डेसिबल वर येतो. एवढं कुठलंही सॉफ्टवेअर करून देत नाही. म्हणून हनुवटीखाली एक वीत, शर्टाच्या पट्टीवर माईक लावा. सुती शर्ट घाला, टेरिकॉटची सळसळ माईकमध्ये येते. वायरचा एक वळसा क्लिपमध्ये अडकवा म्हणजे ओढ बसत नाही.

खोली लहान आणि सामानाने भरलेली निवडा. मी गाद्या रचलेल्या खोलीत बसायचो, समोर दोरीवर दोन गोधड्या टाकून. समोर यासाठी, की तुमचा आवाज पुढे जातो आणि पहिला तिथेच आपटतो. खोली जमली की नाही हे टाळी वाजवून कळतं: टाळीमागे टणत्कार ऐकू आला तर अजून कापड हवं. पंखा आणि फ्रिज दोन्ही बंद.

माईक लावला म्हणजे तो चालू आहे असं समजू नका. माझा पहिला अख्खा धडा फोनच्या स्वतःच्या माईकवर रेकॉर्ड झाला होता, कारण माईकची पिन कॅमेऱ्यासाठीची होती. फोनच्या पिनवर तीन काळ्या रिंगा असतात, कॅमेऱ्याच्या पिनवर दोन. दहा सेकंद रेकॉर्ड करा, आधी माईकवर नख घासा, मग फोनच्या खालच्या कडेवर, आणि ऐका. जिथे खरखर मोठी, तो माईक चालू. ॲपमध्ये पातळी दिसत असेल तर मोठ्यातला मोठा शब्द −१२ डेसिबलच्या आसपास ठेवा. शून्याला टेकून फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही.

सुरुवातीला पाच सेकंद गप्प बसा. उरलेली घरघर काढायला संगणकावर Audacity या सॉफ्टवेअरमध्ये तेवढाच तुकडा निवडून Noise Reduction मधलं Get Noise Profile दाबा, मग सगळा आवाज निवडून पुन्हा Noise Reduction उघडा आणि घरघर सहा ते आठ डेसिबल कमी करा. त्याहून जास्त ओढलंत तर पाण्याखालून बोलल्यासारखं येतं. चित्र दुसऱ्या फोनवर घेत असाल तर सुरुवातीला एक टाळी द्या आणि नंतर दोन्हींतली टाळी जुळवा. धडा दहा मिनिटांच्या तुकड्यांत करा, कारण लांब रेकॉर्डिंगमध्ये दोन फोनांचा वेळ हळूहळू सरकतो.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. फोनला हेडफोनचं भोक नसेल तर अडॅप्टर घ्यावा लागेल, आणि तो माईक चालवणाराच हवा. स्वस्तातले काही फक्त आवाज ऐकवतात. आणि तुम्ही भरतकाम किंवा मेंदी शिकवत असतात तर मी कॅमेऱ्याबद्दल एवढं ठाम बोललो नसतो, तिथे टाका दिसलाच पाहिजे. गणिताला आहे तो फोन पुरतो, फक्त फळ्यावर खिडकीची चकाकी येऊ देऊ नका.

घरी केलेला पहिला धडा मी साध्या फोनवर, वाकड्या चौकटीत घेतला होता. गृहपाठ तसाच तोंडी सांगितला. या वेळी सगळ्या वह्यांत साठ अंश होता. दोन वह्या घेऊन मी मुख्याध्यापकांकडे गेलो, एक जुनी आणि एक नवी. त्यांनी दोन्ही त्रिकोण बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "कॅमेऱ्यालाच माईक लावू की मग." मी म्हटलं, लावा, पण वायर माझ्या शर्टापर्यंत पोचली पाहिजे.