कागदी मशीन आणि आठ चिठ्ठ्या: टेस्टिंगचा एक तास

प्रश्न: आठवी-नववीच्या मुलांना सॉफ्टवेअर टेस्टिंग म्हणजे काय हे संगणक न वापरता, कागदावरच्या खेळातून एका तासात शिकवायचं आहे. वर्गात जसाच्या तसा घेता येईल असा पाठ कोणी देईल का?

मी टेस्टर आहे आणि हा तास मी बऱ्याच वर्गांत घेतला आहे. खाली देते तो पाठ पंचेचाळीस मिनिटांचा आहे. लागतात सहा पाकिटं, चिठ्ठ्या आणि फळा. तीस-पस्तीस मुलांचे सहा गट करा.

प्रत्येक गटातलं एक मूल मशीन होतं. त्याला बंद पाकीट मिळतं आणि ते गटाकडे पाठ करून बसतं. बाकीच्यांना एक नियमपत्र मिळतं. त्यावर एवढंच असतं: हे तिकिटाचं मशीन आहे. वय सांगा, ते तिकीट सांगतं. 5 वर्षांखालच्यांना फुकट, 5 ते 12 अर्धं, 13 ते 59 पूर्ण, 60 आणि पुढे अर्धं. 0 ते 120 सोडून दुसरा आकडा दिला तर मशीनने "चुकीचं वय" म्हणायचं.

पाकिटातल्या कार्डावर मशीनच्या पायऱ्या असतात. बरोबर कार्ड असं:

1. वय 0 पेक्षा कमी किंवा 120 पेक्षा जास्त? "चुकीचं वय". थांब.
2. वय 5 पेक्षा कमी? फुकट. थांब.
3. वय 13 पेक्षा कमी? अर्धं. थांब.
4. वय 60 पेक्षा कमी? पूर्ण. थांब.
5. उरलेल्या सगळ्यांना अर्धं.

असं बरोबर कार्ड सहापैकी एकाच पाकिटात टाका. दुसऱ्यात चौथ्या पायरीवर 60 ऐवजी 61 लिहा, तिसऱ्यात तिसऱ्या पायरीवर 13 ऐवजी 12, चौथ्यात दुसऱ्या पायरीवर 5 ऐवजी 6. पाचव्यात पहिल्या पायरीतलं "0 पेक्षा कमी किंवा" गाळून टाका. सहाव्या पाकिटाचं नंतर सांगते, सगळा तास त्याच्यासाठी आहे.

मशीन झालेल्या मुलाला नियमपत्र दिसू देऊ नका. पहिल्यांदा मी ही काळजी घेतली नव्हती. मशीन झालेल्या मुलाने साठ वय वाचलं, कार्डाप्रमाणे पूर्ण तिकीट येत होतं, पण नियम त्याला आठवत होता म्हणून त्याने बिचाऱ्याने "अर्धं" लिहून टाकलं आणि चूक लपली. त्याला स्पष्ट सांगा: "तुला डोकं चालवायचं नाही. कार्डावर जे आहे ते वरून खाली वाचायचं आणि पहिलं 'हो' आलं की तिथलं उत्तर लिहायचं."

आता वर्गाला सांगायचं: "तुमच्या मशीनमध्ये चूक असेल, नसेलही. ते शोधायचं आहे. प्रत्येक गटाला आठच चिठ्ठ्या. एका चिठ्ठीवर एकच वय. चिठ्ठीवर तीन चौकोन आहेत: वय, अपेक्षित उत्तर, मशीनचं उत्तर. पहिले दोन तुम्ही भरायचे. दुसरा चौकोन रिकामा असेल तर मशीन चिठ्ठी घेणार नाही."

या शेवटच्या वाक्यावर मुलं कुरकुर करतात, पण ते सोडू नका. अपेक्षित उत्तर आधी न लिहिता मशीनला विचारलं, तर जे येईल ते बरोबरच वाटतं. एका वर्गात एका मुलीने ही अट टाळून थेट 60 विचारलं. चिठ्ठी परत आली, "पूर्ण". तिने मान डोलावली आणि पुढचं वय लिहायला घेतलं. मी तिला मधला चौकोन आता भरायला सांगितला. नियमपत्रावर बोट ठेवून तिने "अर्धं" लिहिलं, आणि दोन्ही चौकोनांकडे बघत राहिली. चूक तिच्या हातात येऊन गेली होती, फक्त ताडून बघायला काही नव्हतं.

पहिल्या चार चिठ्ठ्या मुलांना हव्या तशा खर्चू द्या, काही सुचवू नका. बहुतेक गटांत 3, 8, 25, 70 अशी वयं येतात आणि सगळी उत्तरं जुळतात. तेव्हा खेळ थांबवा आणि फळ्यावर 0 ते 120 अशी आडवी रेघ काढा. 5, 13, 60 वर उभ्या खुणा करा.

"25 ला पूर्ण तिकीट आलं. आता 30 विचारलं तर वेगळं काही कळेल का?"

कोणीतरी म्हणतं, नाही, दोन्ही एकाच भागात आहेत. "बरोबर. मशीन 25 साठी ज्या पायरीवर थांबतं तिथेच बहुतेक 30 साठी थांबेल. म्हणून एका भागातून एक चिठ्ठी पुरते. मग मशीन लिहिणारा माणूस कुठे चुकला असेल?"

इथे गप्प बसा. अर्धा मिनिट लागतो, पण उत्तर मुलांकडूनच येतं: खुणांपाशी. "बारापर्यंत" म्हणजे बारा धरून की सोडून, "पेक्षा कमी" की "इतकं किंवा कमी", इथेच हात घसरतो. खऱ्या प्रोग्राममध्येही ही चूक एका चिन्हाची असते, `<` च्या जागी `<=`. मग मुलांना खुणांच्या आणि रेघेच्या टोकांच्या दोन्ही बाजूंचे आकडे काढायला लावा: -1, 0, 4, 5, 12, 13, 59, 60, 120, 121. झाले दहा, आणि हातात चिठ्ठ्या उरल्यात चार. मी मुद्दामच कमी देते. आता गटात खरं भांडण सुरू होतं: उणे वय कोण कशाला टाकेल, साठ सोडायचं की बारा? ही निवड हेच टेस्टरचं रोजचं काम, म्हणून तुम्ही मध्ये पडू नका.

याच वेळी एखादा हात वर होतो: "ताई, साडेबारा वर्षांच्या मुलाचं काय?" नियमपत्र यावर काहीच बोलत नाही. त्याला शाबासकी द्या आणि प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. मशीनला एकही चिठ्ठी न देता त्याने नियमातली फट शोधली आहे. आमच्याकडे असे प्रश्न आधी ग्राहकाला विचारतात, प्रोग्राम त्यानंतर लिहितात.

"खऱ्या सॉफ्टवेअरमध्ये इतकी साधी चूक राहते का?" असं विचारलं गेलं तर एक्सेलचं उदाहरण द्या. शंभराने भाग जाणारं वर्ष 400 नेही भागलं गेलं तरच लीप असतं, म्हणून 1900 हे लीप वर्ष नव्हतं. तरीही एक्सेलच्या नेहमीच्या तारीख-पद्धतीत `=DATE(1900,2,28)+1` दिलं तर 29 फेब्रुवारी 1900 ही कधीच न उगवलेली तारीख मिळते. ही चूक एक्सेलच्या आधीच्या लोटस 1-2-3 या स्प्रेडशीट प्रोग्राममध्ये होती आणि त्याच्या फायलींशी जुळावं म्हणून एक्सेलने ती तशीच ठेवली. नियमाच्या टोकावरचा हा एक दिवस.

चिठ्ठ्या संपल्या की ज्यांना चूक सापडली त्यांनी ती तीन ओळींत लिहायची: काय दिलं, काय यायला हवं होतं, काय आलं. "मशीन खराब आहे" असं लिहिणाऱ्याचा कागद परत करा. कागद पुरेसा आहे की नाही हे बघायची सोपी रीत म्हणजे तो दुसऱ्या गटाला द्यायचा. त्यांनी फक्त तो कागद वाचून त्याच मशीनकडून तीच चूक पुन्हा करवून घ्यायला हवी.

मग दुरुस्ती. चूक सापडलेल्या मशीनला तुम्ही नवं कार्ड देता आणि सांगता, "दुरुस्त केलंय, तपासा." यातलं एक कार्ड मुद्दाम बिघडवलेलं ठेवा. 61 वाल्या मशीनच्या नव्या कार्डावर चौथ्या पायरीत "59 पेक्षा कमी" लिहा. गट उत्साहाने 60 विचारतो, "अर्धं" येतं आणि टाळ्या पडतात. तेव्हा म्हणायचं, "जुन्या आठही चिठ्ठ्या पुन्हा चालवा." गठ्ठ्यात 59 ची चिठ्ठी असेल तर तीही "अर्धं" घेऊन परत येते. मघाशी तिचं उत्तर "पूर्ण" होतं. एक चूक काढताना दुसरी आत आली हे मुलांच्या तेव्हाच लक्षात येतं. गठ्ठ्यात 59 नसेल तर गट समाधानाने थांबतो, आणि शेवटी कार्ड उघडल्यावर तेही बोलायला मिळतं.

आता सहावं पाकीट. त्यातल्या कार्डावर सगळ्या पायऱ्या बरोबर आहेत, फक्त पहिल्या आणि दुसऱ्या पायरीच्या मध्ये एक जादा ओळ आहे: "वय 37? फुकट. थांब." अशा ओळी प्रोग्राममध्ये खरंच उरतात. लिहिणारा करून बघायला काहीतरी घालतो आणि काढायचं राहून जातं.

हे पाकीट आणि बरोबर कार्डाचं पाकीट वर्गातल्या सगळ्यात हुशार दोन गटांना द्या. दोन्ही गट शहाण्यासारखे कडेचे आकडे निवडतील, दोघांच्या आठही चिठ्ठ्या जुळतील, आणि दोघंही बहुधा लिहितील, "आमच्या मशीनमध्ये चूक नाही." दोन्ही कागद फळ्यावर शेजारी-शेजारी लावा, मगच दोन्ही मशीनना आपापलं कार्ड मोठ्याने वाचायला सांगा. सदतीस ऐकलं की वर्गात गलका होतो. फसवलं गेल्याची तक्रारही येते, ती ऐकून घ्या. मग विचारा, "चिठ्ठ्यांनी हे खात्रीने पकडायला किती लागल्या असत्या?" 0 ते 120 म्हणजे 121 वयं, एकूण 121 चिठ्ठ्या. मशीनने वयासोबत वारही विचारला असता तर 121 गुणिले 7, म्हणजे 847.

"मग दुसरा काही मार्ग?" बहुतेक वेळा ज्याने कार्ड वाचलं तेच मूल सांगतं की मला तर ती ओळ दिसत होती, मला कोणी विचारलंच नाही. बाहेरून आकडे देऊन तपासणं आणि आत डोकावून पायऱ्या वाचणं, अशी दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही लागतात, हे इथे दोन वाक्यांत सांगा.

शेवटची पाच मिनिटं त्या दोन कागदांना द्या. दोन्ही गटांना वाक्य बदलायला सांगा. अट एकच, पाकीट उघडण्याआधी जेवढं माहीत होतं तेवढंच लिहायचं. मागच्या वेळी बरोबर कार्डवाल्या गटाने खाडाखोड करून लिहिलं होतं: "-1, 4, 5, 12, 13, 25, 59, 60 या वयांना मशीनने बरोबर उत्तर दिलं. 120 आणि 121 विचारलं नाही."